दीडशे शब्दांत पूजाविधी

‘हिंदू उपासनेतील विधींची भूमिका स्पष्ट करा. (१० गुण, १५० शब्द)’ हा प्रश्न मी स्पर्धा परीक्षांसाठी समाजशास्त्र घेतलेल्या मुलांना सरावासाठी देते. मराठी घरात वाढलेल्या मुलांना तो फारच सोपा वाटतो. पूजा लहानपणापासून पाहिलेली असते, सत्यनारायणाला आईबाबा पाटावर बसलेले आठवतात, गणपतीची तयारी तर तोंडपाठ असते. आणि तरीही याच प्रश्नावरची उत्तरं सगळ्यात फिकी येतात. ज्यांनी कधी पूजा पाहिलीच नाही, त्यांची उत्तरं कधी कधी जास्त चांगली असतात, कारण त्यांना विचार करून लिहावं लागतं.

फिकं उत्तर साधारण असं सुरू होतं : ‘भारत हा विविध धर्मांचा देश आहे. हिंदू धर्म हा प्राचीन धर्म असून त्यात विधींना अनन्यसाधारण महत्त्व आहे. पूजा करताना प्रथम स्नान करून सोवळे नेसतात. देवाला गंध, फुले, हळदकुंकू वाहतात. धूप-दीप ओवाळून नैवेद्य दाखवतात. शेवटी आरती करून प्रसाद वाटतात. यामुळे मनाला शांती मिळते.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण वाचून झाल्यावर तपासणाऱ्याच्या हाती काय लागतं? पूजेत काय काय करतात याची यादी, आणि शेवटी मनःशांतीचं एक वाक्य, जे ध्यानाबद्दल किंवा बागकामाबद्दलही लिहिता आलं असतं. प्रश्न मात्र वेगळा आहे. विधी झाल्यामुळे असं काय होतं, जे तो न करता झालं नसतं? हा प्रश्न मनात धरला, की उत्तराची रचना आपोआप बदलते, कारण मग प्रत्येक वाक्याला ‘काय करतात’ एवढ्यावर थांबता येत नाही. ‘त्याने काय घडतं’ इथपर्यंत पोचावंच लागतं.

दीडशे शब्द म्हणजे किती, याचाही आधी अंदाज हवा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत एक पेपर अडीचशे गुणांचा आणि तीन तासांचा असतो. भागाकार केला तर दहा गुणांच्या वाट्याला सात मिनिटं आणि थोडे सेकंद येतात. प्रश्न वाचणं, विचार करणं आणि लिहिणं, सगळं त्यातच. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धत स्वीकारली आहे, त्यामुळे मराठीतून लिहिणाऱ्या मुलांनाही आता हा हिशेब चुकत नाही. दीडशे शब्दांत साधारण दहा-बारा वाक्यं बसतात. वरच्या फिक्या उत्तराने त्यातली सात खर्च केली आणि मुद्दा एकही मांडला नाही.

म्हणून मी मुलांना सांगते, पहिलं मिनिट लिहू नका. एक उदाहरण निवडा आणि संपूर्ण उत्तर त्याच्यावर उभं करा. हिंदू उपासनेचा पसारा एवढा मोठा आहे, की वैदिक यज्ञ, देवळातली पूजा, व्रतं, तीर्थयात्रा, ग्रामदेवतेची जत्रा या सगळ्यांची नावं घ्यायची ठरवली तरी निम्मे शब्द संपतात. एकच विधी नीट उलगडला, तर बाकीच्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यात करता येतो. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी भाद्रपद चतुर्थीची पार्थिव गणेशपूजा हे उदाहरण सगळ्यात उपयोगी पडतं, आणि त्याचं कारण त्या पूजेच्या रचनेतच आहे.

मूर्ती कारखान्यातून घरी येते तेव्हा ती मातीची वस्तू असते. आपण ती निवडतो, तिच्या किमतीवरून घासाघीस करतो, सोंडेचा रंग आवडला नाही तर दुसरी घेतो. घरी आणल्यावर तिला मखरात बसवतात, तरी अजून पूजा सुरू झालेली नसते. मग यजमान आचमन आणि प्राणायाम करतो, संकल्प सोडतो. कलश, शंख, घंटा आणि दिवा यांची आधी पूजा होते, म्हणजे ज्या साधनांनी पूजा करायची ती साधनं स्वतः पूज्य होतात. त्यानंतर प्राणप्रतिष्ठा. मूर्तीच्या हृदयाला हात लावून मंत्र म्हणतात आणि दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात. या क्षणापासून ती वस्तू राहत नाही. आता तिच्या किमतीबद्दल कोणी बोलत नाही. मखराकडे पाय करून कोणी बसत नाही. घर दीड दिवस किंवा दहा दिवस रिकामं ठेवत नाहीत, कारण घरात कोणीतरी आलेलं आहे.

शेवटच्या दिवशी उत्तरपूजा होते. अक्षता वाहतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. अनेक घरांत वाटेसाठी दहीपोह्यांची किंवा दहीभाताची शिदोरी देतात. त्यानंतरच ती पाण्यात सोडता येते. उत्तरपूजा न करता कोणी मूर्ती उचलून नदीवर नेली, तर घरातली मोठी माणसं अस्वस्थ होतील.

माती तिन्ही वेळी तीच होती. कारखान्यात, मखरात आणि नदीकाठी. तिच्याशी कसं वागायचं हे मात्र दोनदा बदललं, आणि दोन्ही वेळा तो बदल विधीने केला. दहा गुणांच्या उत्तराचा कणा यापेक्षा स्पष्ट मिळणार नाही. घरातल्या माणसांची श्रद्धा तर चतुर्थीच्या आदल्या दिवशीही तेवढीच होती, म्हणून केवळ श्रद्धेने हा बदल झाला असं म्हणता येत नाही. ‘विधी म्हणजे भक्तीची अभिव्यक्ती’ या वाक्यावर बहुतेक उत्तरं थांबतात. गणेशपूजा दाखवते, की विधी भक्ती व्यक्त करण्याच्या पुढे जातो. तो देवाची उपस्थिती घडवतो आणि तिला सुरुवात आणि शेवट देतो.

इथे एक खबरदारी घ्यायची. हा मुद्दा सापडला, की मुलं उत्साहाने लिहितात, ‘आवाहन केल्याशिवाय हिंदू उपासनेत देवता येत नाही.’ हे चूक आहे. देवघरातल्या शाळिग्रामाला किंवा बाणलिंगाला आवाहन आणि विसर्जन करत नाहीत, कारण तिथे देवत्व आधीपासूनच आहे असं मानतात. देवळातल्या स्थिर मूर्तीची प्रतिष्ठा एकदाच झालेली असते आणि तिला रोज बोलवावं लागत नाही. म्हणून ‘पार्थिव पूजेत’ हे दोन शब्द लिहायचे आणि विधान तेवढ्यापुरतंच ठेवायचं. तपासणारा जाणकार असेल तर त्या दोन शब्दांनी त्याचा विश्वास बसतो. ‘सर्व हिंदू’, ‘नेहमी’, ‘प्राचीन काळापासून’ असे शब्द या विषयात फार धोक्याचे आहेत. गावागणिक आणि घराण्यागणिक पद्धत बदलते, आणि एकच अपवाद सापडला तरी वाक्य कोसळतं.

प्राणप्रतिष्ठेनंतर सोळा उपचार येतात : आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, आणि पुढे प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. शेवटच्या काही उपचारांची नावं आणि क्रम ग्रंथांनुसार थोडे बदलतात. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात सोळा ऋचा आहेत आणि प्रत्येक उपचाराला त्यातली एक म्हणण्याची पद्धत रूढ आहे. विद्यार्थी ही सोळाही नावं उत्तरात लिहितात. तसं मुळीच करू नये. सोळा शब्द म्हणजे उत्तराचा दहावा हिस्सा, आणि त्यातून पाठांतराशिवाय काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी क्रमाकडे पाहावं. बोलावणं, बसायला देणं, पाय धुवायला पाणी, हात धुवायला पाणी, प्यायला पाणी, अंघोळ, कपडे, सुगंध, जेवण. घरी आलेल्या मानाच्या पाहुण्याचं आपण जे करतो, तेच इथे त्याच क्रमाने होतं. ज्याला पाहता किंवा स्पर्श करता येत नाही, त्याच्याशी कसं वागायचं हा उपासकाचा मोठाच पेच आहे. विधी तो सोडवतो. तो अमूर्ताला आदरातिथ्याच्या ओळखीच्या कृतींमध्ये आणतो, आणि मग सहा वर्षांच्या मुलालाही देवाशी काय करायचं ते कळतं. हा मुद्दा एका वाक्यात बसतो आणि सोळा नावांपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

याच रचनेतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, जरी ती दीडशे शब्दांत क्वचितच मावते. एखाद्या उपचाराची वस्तू जवळ नसेल तर गुरुजी सांगतात, त्या ऐवजी अक्षता वाहा. वस्त्र नाही, अक्षता. अलंकार नाहीत, अक्षता. वेळ थोडा असेल तर सोळाऐवजी गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य अशी पंचोपचार पूजा चालते. मानसपूजेत तर एकही वस्तू लागत नाही, सगळे उपचार मनातल्या मनात होतात. म्हणजे वस्तूंना पर्याय आहे, क्रम आणि हेतू मात्र सांभाळतात. ‘विधी म्हणजे खर्च आणि अवडंबर’ असं सरसकट लिहिणाऱ्याला हे माहीत नसतं. पंधरा किंवा वीस गुणांच्या प्रश्नात ही बाब जरूर आणावी.

दुसरा मोठा मुद्दा संकल्पाचा. पूजेच्या सुरुवातीला हातात पाणी घेऊन यजमान जे म्हणतो, त्याकडे मुलांचं लक्ष नसतं, कारण ते संस्कृतात असतं आणि भराभर उरकलं जातं. पण त्यात भूगोल आणि पंचांग दोन्ही असतात. आपण भरतखंडात, अमुक नदीच्या कोणत्या तीरावर आहोत, संवत्सर कोणता, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार कोणता, आपलं गोत्र आणि नाव काय, आणि ही पूजा कशासाठी, हे सगळं उच्चारून मगच पाणी सोडायचं. पुण्यातला किंवा न्यू जर्सीतला मराठी माणूस पूजेला बसतो तेव्हा कुठल्या जागेत, कुठल्या क्षणी आणि कुठल्या कुळातला म्हणून बसतो, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. परदेशात तर गुरुजी संकल्पातली भूमी आणि नद्या बदलून घेतात. समाजशास्त्राच्या उत्तरात हा मुद्दा सोन्यासारखा आहे, कारण व्यक्तीला समूहात आणि काळात जागा देणं ही विधीची भूमिका त्यातून थेट दिसते, एकाही सिद्धान्ताचं नाव न घेता.

सिद्धान्तांची नावं घ्यायची ती कुठे आणि किती? दहा गुणांत एक, फार तर दोन. मी बहुतेकांना म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांचं नाव सुचवते. त्यांचा दक्षिण भारतातल्या कूर्ग लोकांवरचा अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध झाला. कूर्गमधलं एकत्र कुटुंब, तिथलं गाव आणि जाती यांच्यातले संबंध विधींमधून कसे व्यक्त होतात, हे त्यांनी त्यात बारकाईने मांडलं. एका बाजूला विधी कुटुंबाला आणि गावाला एकत्र आणतो, दुसऱ्या बाजूला शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनांनी माणसामाणसांत अंतर राखतो. हा दुहेरीपणा उत्तरात यायलाच हवा. प्रसाद सर्वांना मिळतो हे लिहिलं, तर गाभाऱ्यात कोण जाऊ शकत होतं आणि कोण नाही, हेही लिहावं लागेल. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याआधी, १९३० साली सुरू झाला होता. हे उल्लेख टाळून विधींची निव्वळ गोड बाजू सांगणारं उत्तर मला अप्रामाणिक वाटतं, आणि तपासणाऱ्यालाही ते अर्धवटच वाटणार.

दुसरं एक नाव अनेक मार्गदर्शक पुस्तिकांत असतं, फ्रिट्स स्टाल यांचं. त्यांनी १९७५ साली केरळातल्या पांजाळ गावी नंबुदिरी ब्राह्मणांनी केलेल्या बारा दिवसांच्या अग्निचयनाचं चित्रीकरण आणि सविस्तर नोंदी केल्या, आणि पुढे १९७९च्या लेखात मांडलं, की विधीला बाहेरचा अर्थ नसतो, तो नियमांनी बांधलेली कृती असतो आणि स्वतःसाठीच केला जातो. विचार जबरदस्त आहे. पण दहा गुणांच्या उत्तरात विद्यार्थी फक्त ‘स्टाल यांच्या मते विधी निरर्थक असतात’ एवढंच लिहितात, आणि त्याने मुद्दाच उलटा होतो. ‘निरर्थक’ म्हणजे निरुपयोगी, असा वाचणाऱ्याचा समज होतो. स्टाल यांचा आधार वैदिक यज्ञ होता. घरच्या गणपतीत पाहुण्याच्या आदरातिथ्याचा अर्थ इतका उघड आहे, की तिथे त्यांचं म्हणणं तसंच्या तसं लावता येत नाही. हे सगळं सांगायला जागा नसेल तर नाव घेऊच नये.

आता टीकेचा भाग. जवळजवळ प्रत्येक उत्तरात शेवटी एक वाक्य असतं : ‘मात्र संतांनी कर्मकांडाला विरोध करून खरी भक्ती शिकवली.’ विधी एका बाजूला आणि भक्ती दुसऱ्या बाजूला अशी मांडणी सोपी आहे, पण महाराष्ट्राच्या इतिहासात ती टिकत नाही. संतांनी भावाविना केलेल्या कर्मावर कठोर टीका केली, यात शंका नाही. पण ज्या परंपरेने ती टीका केली तिनेच गळ्यातली तुळशीची माळ, एकादशी, आषाढी-कार्तिकीची वारी, ठराविक क्रमाने होणारं भजन आणि कीर्तन या गोष्टी घट्ट धरल्या. वारीतल्या दिंड्यांचा क्रम, पालखीचे मुक्काम, रिंगण, हे सगळे विधीच आहेत. त्यांना पुरोहित लागत नाही आणि सोवळं-ओवळं आड येत नाही, एवढाच फरक. आणि हा फरक फार मोठा आहे.

महात्मा फुले यांचं उदाहरण याहून टोकदार आहे. पुरोहितशाहीवर त्यांच्याइतका प्रखर हल्ला क्वचितच कोणी केला असेल. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ब्राह्मण पुरोहिताविना लग्नं लावायला सुरुवात केली. पण लग्न विधीशिवाय लागत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून १८८७ साली त्यांनी सत्यशोधक समाजासाठी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचं पुस्तकच प्रसिद्ध केलं. टीका करणाऱ्यानेच नवा विधी लिहिला. हे एक वाक्य उत्तरात आलं, तर ते शेकडो उत्तरांपासून वेगळं पडतं, कारण त्यातून लिहिणाऱ्याने प्रश्नाचा खरोखर विचार केला आहे हे दिसतं.

विधीला खरंच दुय्यम ठरवणारा विचार हिंदू परंपरेत आहे, आणि तो न्याय्यपणे मांडायला हवा. शंकराचार्यांच्या अद्वैत वेदान्तात कर्माने चित्त शुद्ध होतं, पण मोक्ष ज्ञानानेच मिळतो. तिथे विधी एका टप्प्यापर्यंतची तयारी आहे. याच्या अगदी उलट पूर्वमीमांसेत विहित कर्म हाच धर्माचा गाभा आहे. उत्तरात दोन्ही बाजू घ्यायला जागा नसते. माझा सल्ला अद्वैताची बाजू घेण्याचा, कारण विधीच्या भूमिकेला मर्यादा कुठे पडते हे तिच्यातून दिसतं.

एवढं सगळं डोक्यात ठेवून दीडशे शब्दांच्या आत बसणारं उत्तर असं होईल :

‘हिंदू उपासनेतील विधी उपासक, देवता आणि समाज यांच्यातील नाते कृतीतून घडवतो. पार्थिव गणेशपूजेत प्राणप्रतिष्ठेने मातीची मूर्ती पूज्य ठरते आणि उत्तरपूजेने देवतेला निरोप दिला जातो. माती तीच राहते. बदल विधीने होतो. आवाहनापासून नैवेद्यापर्यंतचे उपचार देवतेला पाहुण्याचा मान देतात आणि अमूर्ताशी प्रत्यक्ष व्यवहार शक्य करतात. संकल्पातील स्थळ, तिथी व गोत्र यांचा उच्चार उपासकाला काळात आणि कुळात स्थान देतो.

सामाजिक पातळीवर विधी जोडतो आणि तोडतोही. एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गच्या अभ्यासात (१९५२) विधींतून कुटुंब व गावाची एकजूट आणि शुद्धाशुद्धतेतून जातींमधील अंतर, दोन्ही दाखवले. पंढरपूर मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषण करावे लागले.

अद्वैत वेदान्ताने विधीला चित्तशुद्धीपुरते स्थान दिले. संतांनी भावशून्य कर्मकांडावर टीका केली. तरीही वारकऱ्यांनी वारी व एकादशी जपली आणि महात्मा फुले यांनी १८८७मध्ये स्वतंत्र पूजाविधी प्रसिद्ध केले. टीकेमुळे विधी संपला नाही; तो कोणी आणि कसा करायचा, हे बदलले.’

या उत्तरात प्रस्तावना एकाच वाक्याची आहे आणि तेच वाक्य उत्तराचा दावाही आहे. ‘भारत हा विविध धर्मांचा देश’ याला जागाच उरलेली नाही. त्यानंतरचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग एका उदाहरणावर गेला आहे, कारण दहा गुण तिथे मिळवायचे आहेत. पहिल्या परिच्छेदातलं प्रत्येक वाक्य वाचून पाहा. त्याच्या पहिल्या अर्ध्यात कृती आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात त्या कृतीने काय झालं ते. आपलं उत्तर तपासायची सोपी पद्धत हीच. वाक्याचा दुसरा अर्धा भाग नसेल, तर ते वाक्य वर्णन आहे आणि ते काढलं तरी उत्तराचं काही बिघडत नाही. शेवटचं वाक्य नवी माहिती देत नाही, पण वरच्या दोन उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष सांगतं. ‘अशा प्रकारे विधींची भूमिका महत्त्वाची आहे’ असं लिहिलं असतं तर ते वाक्य फुकट गेलं असतं.

प्रश्नाचं क्रियापद बदललं तर प्रमाण बदलतं. ‘स्पष्ट करा’ असेल तर पहिल्या परिच्छेदाला जास्त जागा. ‘चिकित्सक परीक्षण करा’ असेल तर गणेशपूजेची तीन वाक्यं दोनवर आणायची, संकल्पाचं वाक्य सोडून द्यायचं आणि फुले, वारकरी आणि मंदिरप्रवेश यांना ती जागा द्यायची. तत्त्वज्ञानाच्या पेपरात हाच प्रश्न आला तर श्रीनिवास बाहेर आणि मीमांसा आत. साहित्य तेच राहतं, वाटणी बदलते. हा बदल सरावाच्या वेळीच करून पाहावा, परीक्षेच्या सात मिनिटांत तो सुचत नाही.

हस्ताक्षर, अधोरेखन, आकृती यांवर मुलं फार वेळ घालवतात. या प्रश्नात आकृतीची गरज नाही. अधोरेखन करायचंच असेल तर ‘प्राणप्रतिष्ठा’ आणि ‘उत्तरपूजा’ या दोन शब्दांखाली करा. संस्कृत श्लोक लिहू नका. बहुतेकांचा तो अशुद्ध होतो, आणि शुद्ध लिहिला तरी त्याने भूमिका स्पष्ट होत नाही. सूरही सांभाळावा. उत्तर लिहिणारा भक्त असेल किंवा नास्तिक असेल, कागदावर ‘उपासकांच्या दृष्टीने’ असं लिहिता यायला हवं. ‘देव मूर्तीत येतो’ हे विधान आणि ‘देव मूर्तीत आला असे उपासक मानतात आणि तसे वागतात’ हे विधान यांत समाजशास्त्राचा विद्यार्थी दुसरं निवडतो, आणि तेही कोणाची श्रद्धा न दुखावता.

गणेशपूजेचं उदाहरण सगळेच देतील, अशी भीती काही जणांना वाटते. ती खरी आहे, आणि त्यावर उपाय स्वतःच्या घरात शोधावा. गोव्याच्या विद्यार्थ्याने चवथीला गणपतीवर बांधली जाणारी माटोळी घ्यावी. रानातली फळं, वेली आणि पाला त्या चौकटीला बांधले जातात आणि परिसरच पूजेत आणला जातो. ज्यांच्याकडे खड्याच्या गौरी असतात त्यांच्याजवळ तर गणपतीपेक्षाही चांगलं उदाहरण आहे. घरातल्या बायका नदीवर किंवा पाणवठ्यावर जातात, पाच किंवा सात खडे उचलतात, मागे न पाहता, अनेक ठिकाणी तोंडाने न बोलता ते घरी आणतात आणि त्या खड्यांची गौर म्हणून पूजा होते. इथे मूर्तिकार नाही, किंमत नाही, डोळे रेखलेला चेहराही नाही. बहुतेक घरांत गुरुजीही नसतात. वाटेवरचा साधा खडा विधीने देवी होतो आणि तो विधी घरातल्या बायकांच्या हातात असतो. प्राणप्रतिष्ठेचा मुद्दा त्यातून निघतोच, शिवाय विधीचा अधिकार नेहमी पुरोहिताकडेच असतो या समजुतीलाही त्याच वाक्यात उत्तर मिळतं. अशा घरातल्या मुलीने गणपती बाजूला ठेवून गौरीवर लिहावं, आणि लिहिण्याआधी आईला किंवा आजीला विचारून घ्यावं, की आपल्याकडे खडे किती आणतात, कुठून आणतात आणि शेवटी त्यांचं काय करतात.